पार्सल उशिरा पोहोचणार असेल, तर ग्राहकाला माफीचा मेल कसा लिहावा

आंब्याच्या हंगामात कोकणातल्या बागेतून थेट घरपोच पेट्या पाठवल्या जातात. त्या कामात ग्राहकांचे मेल सांभाळणे माझ्याकडे असते. हंगामापुरती नवी मुलेमुली मदतीला येतात. ऑर्डर नोंदवणे, पैसे जुळवणे, पत्ते तपासणे हे सगळे ती पटकन शिकतात. अडतात ती एकाच ठिकाणी: पेटी उशिरा जाणार हे ग्राहकाला कळवायचे असते तेव्हा. मग एक तर सरकारी परिपत्रक लिहिले जाते, नाही तर पाया पडणे सुरू होते. दोन्ही वाचून ग्राहक आणखी चिडतो, कारण त्याला हवी असलेली गोष्ट, म्हणजे आंबे कधी येणार, ती दोन्हींत सापडत नाही.

हा लेख त्यांच्यासाठी आणि साड्या, फराळ, मसाले, मूर्ती असे काहीही स्वतः पाठवणाऱ्या इतरांसाठी आहे. उदाहरण एकच घेतले आहे आणि ते शेवटपर्यंत नेले आहे.

उदाहरण असे. पुण्यातल्या एका ग्राहक बाईंनी दोन-दोन डझनांच्या दोन पेट्या हापूस मागवला. डझनाला ८०० रुपयांप्रमाणे ३,२०० आणि वाहतुकीचे ४००, असे ३,६०० रुपये आगाऊ भरले. पेट्या मंगळवारी, २९ एप्रिल २०२५ रोजी पोहोचवायचे ठरले, कारण बुधवारी ३० तारखेला अक्षय्य तृतीया. अनेक घरांत त्या दिवशी देवाला आणि पितरांना आंब्याचा नैवेद्य दाखवतात आणि मगच घरचे आंबा खातात. सोमवारी दुपारी बागेतून निरोप येतो: आंबा अजून पिकलेला नाही.

लिहायला बसण्याआधी हाताशी काय हवे

- ऑर्डरची नोंद: काय, किती, कोणत्या पत्त्यावर, किती पैसे भरले, कशाने भरले.
- तारीख कबूल केल्याचा मूळ मेल किंवा व्हॉट्सॲप संदेश, आपल्याच शब्दांत. ‘२९ पर्यंत’ म्हटले होते की ‘२९ च्या आसपास’, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.
- पार्सल निघाले असेल तर कुरिअरचा डॉकेट नंबर किंवा ट्रान्स्पोर्टची पावती.
- ग्राहकाने ऑर्डर देताना टाकलेली टीप. ‘नैवेद्यासाठी हवेत’, ‘मुलगा दोन तारखेला परत जाणार आहे’ अशी ओळ बहुतेक वेळा तिथेच असते आणि ती कोणीच पुन्हा वाचत नाही.

१. आधी बागेत फोन, मग मेल

मेलची पहिली ओळ म्हणजे नवी तारीख. ती हातात नसेल तर लिहायला बसण्यात अर्थ नाही. आणि तारीख ‘साधारण’ नको. बागेतला माणूस ‘दोन-तीन दिवसांत होईल’ म्हणतो, त्यावर आपण ‘दोन दिवसांत’ लिहितो, ग्राहक दुसऱ्या दिवशी सकाळपासून दाराकडे बघत बसतो.

विचारायचे प्रश्न सरळ आहेत. माल आत्ता कुठे आहे? झाडावर, अढीत, पेटीत की गाडीत? कधी निघेल? निघाल्यावर कुठे थांबू शकतो?

आपल्या उदाहरणात आंबा २३ एप्रिलला काढला होता. हापूस झाडावरून चौदा आणे तयार झाला की काढतात आणि पेंढ्याच्या अढीत पिकू देतात. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवण्यावर बंदी आहे, त्यामुळे पेंढ्याला लागायचा तो वेळ लागतोच. साधारण आठ-दहा दिवस धरावे लागतात. २३ ला काढलेला आंबा २९ ला खायला तयार होईल हा हिशोबच घाईचा होता. बागेतले म्हणतात, बुधवारी संध्याकाळी तो पाठवण्याजोगा होईल.

मग नवा सापळा लागतो. बुधवारी रात्री रत्नागिरीहून निघालेली गाडी गुरुवारी सकाळी पुण्यात असते, म्हणून ‘गुरुवारी मिळेल’ असे लिहिण्याचा मोह होतो. पण गुरुवार म्हणजे १ मे, महाराष्ट्र दिनाची सुट्टी. कुरिअरच्या पुण्यातल्या ऑफिसला विचारल्याशिवाय त्या दिवशी घरोघरी वाटप आहे असे गृहीत धरू नका. वाटप नाही असे कळले. म्हणजे खरी तारीख शुक्रवार, २ मे. एकदा चुकलेली तारीख ग्राहक समजून घेतो, दुसऱ्यांदा चुकली तर त्यानंतरच्या एकाही शब्दावर विश्वास ठेवत नाही. म्हणून एक दिवस जास्त सांगावा, कमी नाही.

२. कबूल केलेली तारीख उलटण्याआधी पाठवा

सोमवारी दुपारी कळले, तर मेल सोमवारीच गेला पाहिजे. ‘उद्या सकाळपर्यंत बघू, कदाचित जमेल’ हा विचार सगळ्यांच्याच मनात येतो. तेवढ्यात ग्राहकाचे दुसरीकडून आंबे आणायचे हातातले दोन दिवस निघून जातात. सोमवारी कळले तर त्या बाई मंडईत जाऊन नैवेद्यापुरते आंबे आणू शकतात. मंगळवारी रात्री कळले तर तोच उशीर त्यांच्यासाठी कितीतरी मोठा होतो, पेट्या मात्र त्याच शुक्रवारी पोहोचतात.

मेल पाठवून फोनही करा. फोनवर बोलणे झाले तरी मेल हवाच, कारण तारीख आणि पैशांचा आकडा लेखी राहतो. नंतर वाद झाला तर दोघांनाही तोच उपयोगी पडतो.

३. विषयाच्या ओळीत तारीख घाला

‘महत्त्वाची सूचना’, ‘तुमच्या ऑर्डरबाबत’, ‘क्षमस्व’ या ओळी वाचून कोणी मेल उघडत नाही. मोबाइलवर विषयाची ओळ मध्येच तुटते, म्हणून कामाचे शब्द आधी यावेत: ‘तुमचे आंबे शुक्रवारी, २ मे रोजी पोहोचतील’. माफीचा शब्द त्यानंतर. मेल न उघडताही ग्राहकाला मुख्य गोष्ट कळली, तर ते चांगलेच झाले.

४. पहिला मसुदा आणि त्यात काय बिघडले आहे

नव्या माणसाचा पहिला मसुदा जवळजवळ नेहमी असा असतो:

> विषय: महत्त्वाची सूचना
>
> आदरणीय ग्राहक,
> आपणास कळविण्यात येते की, काही अपरिहार्य कारणास्तव आपल्या ऑर्डरला थोडासा विलंब झालेला आहे. हवामानातील बदल, मजुरांचा तुटवडा व वाहतुकीच्या समस्यांमुळे सदर विलंब झाला असून तुमची पार्सल लवकरात लवकर पाठविण्यात येईल. जर आपल्याला काही गैरसोय झाली असल्यास आम्ही क्षमस्व आहोत. आपले सहकार्य अपेक्षित आहे. दिलगीरी असावी.
> धन्यवाद.

पहिली गोष्ट, या मजकुरात माणूसच नाही. ‘कळविण्यात येते’, ‘विलंब झालेला आहे’, ‘पाठविण्यात येईल’. कोण कळवते, कोणामुळे विलंब झाला, कोण पाठवणार? मराठीत कर्ता गाळून वाक्य पूर्ण करता येते आणि कचेऱ्यांनी ती सोय भरपूर वापरली आहे. खोदलेल्या रस्त्यावरच्या पाटीवर ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ वाचून आपल्यापैकी कोणालाही कोणी माफी मागितल्यासारखे वाटत नाही, ते याच कारणाने. उपाय कंटाळवाणा आहे पण लागू पडतो: प्रत्येक क्रियापदापाशी थांबून ‘कोण?’ विचारा आणि उत्तर वाक्यात लिहा. ‘विलंब झालेला आहे’ हे तर काळाच्या हिशोबानेही चुकले आहे. मेल सोमवारचा, पेटी मंगळवारची. उशीर अजून व्हायचा आहे. ‘मंगळवारी पेट्या पोहोचवण्याचे आम्ही कबूल केले होते, ते आम्हाला जमणार नाही’ हे बरोबर वाक्य.

दुसरी गोष्ट, ‘जर गैरसोय झाली असल्यास’. ‘जर’ आणि ‘असल्यास’ दोन्ही एकाच कामाचे, त्यामुळे व्याकरणात एक जास्तीचे. पण ‘जर’ काढून भागत नाही. ‘गैरसोय झाली असल्यास’ म्हणजे झाली की नाही याची आपल्याला शंका आहे. नैवेद्याच्या आदल्या दिवशी आंबा नाही म्हटल्यावर गैरसोय झालीच. पूर्ण अट काढून टाका आणि काय गैरसोय झाली ते लिहा.

तिसरी गोष्ट, ‘थोडासा’. उशीर थोडा की फार, हे ज्याला वाट बघायची आहे त्याला ठरवू द्या. आपण दिवस सांगावेत.

आणि शेवटचे ‘सहकार्य अपेक्षित आहे’. चूक आपली आणि अपेक्षा ग्राहकाकडून! ही ओळ पूर्ण खोडावी. ‘धन्यवाद’ सवयीने येते, तेही इथे नको. अजून आभार मानावेत असे काही घडलेले नाही.

५. व्याकरणाची हात फिरवणी

यात सगळ्यात घातक शब्द ‘आपण’. आदराने ग्राहकालाही आपण म्हणतो आणि ‘आपण सगळे’ या अर्थानेही म्हणतो. मग मसुद्यात असे वाक्य येते: ‘आपल्या चुकीमुळे पार्सल उशिरा पोहोचेल.’ लिहिणाऱ्याच्या मनात ‘आमच्या चुकीमुळे’ असते, कारण ऑफिसात तो तसाच बोलतो. वाचणाऱ्या बाईंना मात्र ‘तुमच्या चुकीमुळे’ असे वाचता येते, आणि त्या दिवशी त्या तसेच वाचतील. म्हणून माफीच्या मेलमध्ये ग्राहक म्हणजे ‘तुम्ही’, आपली बाजू म्हणजे ‘आम्ही’, आणि ‘आपण’ अजिबात नको. तुम्ही म्हटल्याने आदर कमी होत नाही. कमी होतो तो वरच्या मसुद्यासारखे एका ओळीत ‘आपणास’ आणि पुढच्या ओळीत ‘तुमची’ लिहिल्याने, कारण मजकूर दोन ठिकाणांहून उचलून चिकटवला हे लगेच कळते.

लिंग-वचन बघा. पार्सल नपुंसकलिंगी, म्हणून ‘तुमचे पार्सल’. ऑर्डर स्त्रीलिंगी, ‘तुमची ऑर्डर’. पेटी एक असेल तर ‘पोहोचेल’, दोन असतील तर ‘पेट्या पोहोचतील’. जुना मेल उचलून त्यात फक्त आकडे बदलले की नेमके हे क्रियापद जुने राहते.

‘क्षमस्व’ याचाच अर्थ ‘क्षमा करा’, त्यामुळे ‘आम्ही क्षमस्व आहोत’ हे वाक्य उभेच राहत नाही. ‘आम्ही दिलगीर आहोत’ किंवा ‘आम्ही माफी मागतो’ लिहा. मी दुसरे निवडते. त्यात क्रियापद आपले असते. ‘दिलगीर’मधली गी दीर्घ, पण ‘दिलगिरी’मध्ये ऱ्हस्व. तसेच ‘उशीर’, पण ‘उशिराबद्दल’ आणि ‘उशिरा’. ‘दिलगीरी असावी’ हा तर ‘लोभ असावा’च्या सवयीतून आलेला प्रकार, दिलगिरी आपण व्यक्त करायची असते, ग्राहकाने बाळगायची नसते. ‘काही कारणास्तव’ असे लिहायचेच झाले तर अनेकवचनी ‘कारणांस्तव’ हवे, पण तो शब्द या मेलमध्ये नसलेलाच बरा.

‘पाठवलं, झालं’ असे बोलीतले लिहायचे की ‘पाठवले, झाले’, हे तुमच्या दुकानाच्या वळणावर ठरवा. दोन्ही चालतात, मिसळलेली चालत नाहीत. आणि ‘परवा’, ‘येत्या शुक्रवारी’, ‘पुढच्या आठवड्यात’ हे शब्द टाळा. मेल सोमवारी रात्री लिहिला आणि मंगळवारी दुपारी वाचला की ‘उद्या’चा दिवस बदलतो. ‘परवा’ तर मागचाही असतो आणि पुढचाही. वार आणि तारीख दोन्ही लिहा, आणि लिहिण्याआधी कॅलेंडरवर पडताळा. वार एक आणि तारीख दुसरी असलेला माफीचा मेल म्हणजे दुसरी माफी.

६. कारण एकच सांगा, खरे सांगा

वरच्या मसुद्यात हवामान, मजूर आणि वाहतूक अशी तीन कारणे आहेत. तीन कारणे दिली की ग्राहकाला एकही खरे वाटत नाही. खरे कारण एवढेच की आंबा पिकायला लागणारे दिवस आम्ही कमी धरले. ते लिहायला लाज वाटते, पण तेच आपल्या बाजूचे सगळ्यात भक्कम वाक्य आहे: फळ पिकलेले नाही, आणि आम्ही ते औषध मारून पिकवलेले नाही. दुसरा भाग मात्र फुशारकी म्हणून लिहू नका. ‘आमचा आंबा नैसर्गिकरीत्या पिकवलेला असल्याने...’ अशी सुरुवात केली की माफीच्या जागी जाहिरात येते.

माफीनंतर ‘पण’ येऊ देऊ नका. ‘माफी मागतो, पण निसर्गापुढे कोणाचे चालत नाही’ या वाक्यात ‘पण’च्या आधीचे सगळे पुसले जाते. कारण वेगळ्या वाक्यात, वेगळ्या परिच्छेदात द्या.

कारण बदलले की पुढचे आश्वासनही बदलते. इथे आंबा अढीतच आहे, म्हणजे शुक्रवारी मिळणारी पेटी उशिराची असली तरी चांगली असेल. पेटी गाडीत भरून निघाली आणि घाटात किंवा गोदामात दोन दिवस उन्हात राहिली, तर फळ आतल्या आत जास्त पिकलेले असणार. तेव्हा नुसती तारीख पुरत नाही. पेटी आल्या आल्या उघडा, मऊ फळे वेगळी काढा, काळी पडलेली किंवा पाणी सुटलेली फळे मोजून फोटो पाठवा, तेवढ्यांचे पैसे परत करू, असे लिहावे लागते. कोणता माल कशाने खराब होतो हे तुमचे तुम्हाला माहीत असते. तेवढीच ओळ लिहा.

७. भरपाई: ग्राहकाचे जे अडले ते आधी

‘पुढच्या खरेदीवर १० टक्के सूट’ हे कूपन इथे देऊ नका. ज्याला आत्ताचीच वस्तू मिळालेली नाही त्याला आपण पुढची विकतो आहोत, असा त्याचा अर्थ होतो.

या बाईंचे काय अडले? चार डझन आंबे तर शुक्रवारीही खाता येतील. अडले आहे ते बुधवारच्या ताटातले आंबे. मग आधीच्या तोडणीतला पिकलेला आंबा बागेत शिल्लक आहे का, हे विचारायचे. सहा फळे निघाली. कोकणातून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या गाडीबरोबर छोटे पार्सल पाठवण्याची पद्धत जुनीच आहे. पुण्यात आपला माणूस असेल तर तो सकाळी उतरवून घेऊन घरी देऊ शकतो. खर्च फार नाही आणि अडलेली गोष्ट सुटते. हे शक्य नसेल तर तसे स्पष्ट सांगा, म्हणजे त्या मंडईतून आणतील. ‘प्रयत्न करतो’ हे उत्तर दोन्हींपेक्षा वाईट, कारण त्यावर विसंबून त्या थांबतात आणि शेवटी हाती काही येत नाही.

त्यानंतर पैसे. आकडा लिहा, ‘योग्य ती रक्कम’ नको. कायद्याची बाजूही माहीत असू द्या. ऑनलाइन विक्रीसाठी २०२० चे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम आहेत. सांगितलेल्या वेळेनंतर आलेला माल परत घेणे किंवा पैसे परत करणे विक्रेत्याला नाकारता येत नाही. अपवाद आहे तो कोणाच्याही हाताबाहेरच्या आपत्तीचा, आणि आपला अंदाज चुकला ही आपत्ती नव्हे. तक्रार आली तर तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे, असेही त्यात आहे. ग्राहक चिडला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करू शकतो. मेलमध्ये यातले काहीही लिहायचे नसते. रद्द करण्याचा पर्याय मात्र ग्राहकाने मागण्याआधी आपण द्यावा, कारण तो त्याचा हक्कच आहे.

८. पूर्ण मेल

> विषय: तुमचे आंबे शुक्रवारी, २ मे रोजी पोहोचतील; उशिराबद्दल माफी
>
> नमस्कार (ग्राहकाचे आडनाव) मॅडम,
>
> तुमचे चार डझन हापूस मंगळवारी, २९ एप्रिलला घरी पोहोचवण्याचे आम्ही कबूल केले होते. ते आम्हाला जमणार नाही. दोन्ही पेट्या शुक्रवारी, २ मे रोजी संध्याकाळपर्यंत पोहोचतील. अक्षय्य तृतीयेच्या नैवेद्यासाठी आंबे हवेत असे तुम्ही ऑर्डर देतानाच सांगितले होते. ऐन सणाला तुमची अडचण केल्याबद्दल आम्ही मनापासून माफी मागतो.
>
> चूक आमची आहे. तुमच्या पेट्यांचा आंबा २३ एप्रिलला काढला आणि तो २९ पर्यंत पिकेल असे धरून आम्ही तुम्हाला तारीख दिली. आज अढी उघडून पाहिली, तर बरीचशी फळे अजून हिरवी आणि कडक आहेत. ती बुधवारी संध्याकाळी पाठवता येतील. गुरुवारी, १ मे रोजी सुट्टीमुळे पुण्यात कुरिअरचे वाटप नाही, म्हणून शुक्रवार.
>
> नैवेद्यासाठी आधीच्या तोडणीतले सहा पिकलेले आंबे आम्ही आज रात्रीच्या गाडीने पाठवत आहोत. आमचा पुण्यातला माणूस मंगळवारी, २९ एप्रिलला दुपारी चारपर्यंत ते तुमच्या पत्त्यावर आणून देईल. त्यांचे वेगळे पैसे नाहीत. तुम्ही ऑर्डर रद्द केली तरी ते तुमचेच.
>
> पेट्यांचे काय करायचे ते तुम्ही ठरवा:
> १. शुक्रवारी पेट्या घ्यायच्या असतील, तर वाहतुकीचे ४०० रुपये आम्ही परत करतो.
> २. ऑर्डर रद्द करायची असेल, तर भरलेले सगळे ३,६०० रुपये परत करतो.
> दोन्हींत पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात, तुमचे उत्तर आल्याच्या दिवशीच पाठवू.
>
> बुधवारी दुपारी बारापर्यंत या मेलला ‘शुक्रवार’ किंवा ‘रद्द’ एवढेच उत्तर पाठवले तरी पुरे. उत्तर मिळाले नाही तर मी फोन करेन. तुम्ही हो म्हटल्याशिवाय पेट्या पाठवणार नाही.
>
> (तुमचे नाव)
> (मोबाइल नंबर), सकाळी ९ ते रात्री ९

माफी एकदाच आहे, पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी. तारीख तिच्या आधी आहे. हा क्रम मुद्दाम ठेवला आहे, कारण नवी तारीख कळल्याशिवाय माफी वाचायची कोणाची तयारी नसते. शेवटी पुन्हा ‘पुनश्च क्षमस्व’ लिहावेसे वाटेल, ते टाळा. पहिलीला त्याने जोर येत नाही, उलट ती ठरावीक वाटू लागते.

सही माणसाची असावी, ‘टीम’ची नको. खाली दिलेला नंबर खरोखर उचलला जाईल असा हवा. आणि उत्तर देता येणार नाही अशा पत्त्यावरून हा मेल कधीही पाठवू नये.

९. पाठवण्याआधी, आणि पाठवल्यावर

मजकूर जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केला असेल, तर समोरच्याला अक्षरांऐवजी चिन्हांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्येच टाइप करा आणि आधी स्वतःला पाठवून मोबाइलवर उघडून बघा. उशीर अनेकांच्या पेट्यांना झाला असेल, तर एकच मेल सगळ्यांना एकत्र पाठवून एकमेकांचे पत्ते उघडे करू नका. बीसीसी वापरता येते, पण माझ्या मते तीस-चाळीस ग्राहकांपर्यंत प्रत्येकाला वेगळा मेलच पाठवावा. प्रत्येकाची रक्कम वेगळी असते, प्रत्येकाचे अडलेलेही वेगळे. ज्याला सणाचे काही घेणेदेणे नाही त्याला नैवेद्याची ओळ गेली, तर मेल साच्यातला आहे हे त्याला कळते. मोठ्याने एकदा वाचा. जिथे वाचताना आवाज पाटी वाचल्यासारखा होतो, तिथे कर्ता गाळलेला असतो.

उत्तर रागाचे आले, तर त्यातल्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर देऊ नका. ‘तुमचे बरोबर आहे’ एवढे लिहून पुढे त्यांनी निवडलेला पर्याय आणि पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक द्या. कार्डाने भरलेले पैसे बँकेतून परत दिसायला काही दिवस लागू शकतात, तेही त्याच उत्तरात सांगा, नाही तर दुसऱ्या दिवशी ‘पैसे आले नाहीत’ हा नवा वाद सुरू होतो. उत्तर ‘शुक्रवार’ असे आले, तर बुधवारी पेट्या निघाल्या की डॉकेट नंबर असलेला दोन ओळींचा मेल पाठवा. त्यात पुन्हा माफी नको.

आणि शुक्रवारही हुकणार असे दिसले, तर मेल लिहू नका. आधी फोन करा, पैसे त्याच क्षणी परत पाठवा, आणि मग पेट्या हव्यात का ते विचारा.